पालक व्हिडिओ बघतात, पण डेमो क्लासला नाव का देत नाहीत?

प्रश्न: मी सहावी ते आठवीच्या मुलांना गणित आणि विज्ञान ऑनलाइन शिकवते. मोफत डेमो क्लाससाठी दीड मिनिटाचा व्हिडिओ करून पालकांच्या ग्रुपवर टाकला. बघतात बरेच जण, पण नाव जवळपास कुणीच देत नाही. स्क्रिप्टचा मुख्य भाग असा आहे: "नमस्कार पालकहो! तुमच्या मुलाला गणिताची भीती वाटते का? आता काळजी सोडा! अनुभवी शिक्षिका, सोपी पद्धत, प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष. सर्व बोर्डांचा अभ्यासक्रम, नियमित चाचण्या, शंकानिरसन. पहिला डेमो क्लास अगदी मोफत! जागा मर्यादित, आजच संपर्क करा!" यात काय बदलू?

उत्तर:

या स्क्रिप्टमध्ये तुमच्या जागी दुसऱ्या कुठल्याही शिक्षिकेला उभं केलं तरी एक शब्द बदलावा लागत नाही. अडचण तिथेच आहे. अनुभवी, सोपी पद्धत, वैयक्तिक लक्ष हे सगळं तुमच्या बाबतीत खरंही असेल, पण पालकांनी हेच शब्द इतक्या वेळा ऐकलेत की ते कानावरून जातात. शिवाय ही सगळी वाक्यं वर्षभराची शिकवणी विकतात, आणि तुम्हाला तर आत्ता फक्त एक डेमो क्लास हवाय. पालकाने आज एवढंच ठरवायचंय की शनिवारची संध्याकाळ या वर्गासाठी द्यायची की नाही. त्या निर्णयाला लागणारी एकही गोष्ट तुमच्या स्क्रिप्टमध्ये नाही. कुठल्या इयत्तेसाठी, कुठल्या विषयावर, किती वाजता, किती वेळ, तिथे मूल नेमकं काय करणार, यातलं काहीच नाही.

दुसरी गोष्ट, "मोफत" या शब्दावर तुम्ही फार भार टाकलाय. वर्गाला पैसे पडत नाहीत हे पालकाला कळतं, पण त्याला दुसरी किंमत दिसत असते. मुलाला खेळातून उठवून बसवावं लागणार, आणि ते कुरकुर करणार. अनोळखी मुलांसमोर बाईंनी काही विचारलं आणि आलं नाही तर मूल खट्टू होणार. आणि एकदा नंबर दिला की महिनाभर फोन येत राहणार. ही तिसरी भीती सगळ्यात मोठी, आणि ती पालकांना अनुभवातून आलेली असते. चांगली स्क्रिप्ट या तिन्ही गोष्टींना न विचारता उत्तर देते. "अगदी मोफत" असं म्हटल्याने यातली एकही जात नाही, उलट शंका वाढते.

"गणिताची भीती वाटते का?" या सुरुवातीबद्दलही बोलायला हवं. हे व्हिडिओ पालक बहुतेक वेळा घरात, मोठ्या आवाजात लावतात आणि मूल शेजारीच असतं. म्हणजे तुमचं वाक्य आधी मुलाच्या कानावर पडतं. "भीती", "कच्चा पाया", "मागे पडलाय" असे शब्द ऐकून कुठलंही मूल उत्साहाने "मला पाठवा" म्हणणार नाही. आणि डेमोला बसायचं शेवटी त्यालाच आहे. तेव्हा स्क्रिप्ट लिहिताना ऐकणारे दोघे आहेत असं धरून चाला.

मग सुरुवात कशाने करायची? पालकाला आपल्या मुलाबाबत दोन मिनिटांत घरीच तपासता येईल अशा एका गोंधळाने. तो गोंधळ शाळेत शिकवून झालेल्या भागातला हवा, पुढच्या धड्यांमध्ये आडवा येणारा हवा, आणि पालकाला उत्तर आल्यावर लगेच कळणारा हवा. "कूटप्रश्न सोडवा" अशा थाटाचं कोडं चालणार नाही. कोडं चुकलं तर पालक म्हणतो, "कोडंच अवघड होतं."

गणितात सहावी-सातवीसाठी मला दशांश अपूर्णांकांची तुलना फार उपयोगी वाटते. मुलाला विचारायचं, ०.४ आणि ०.३५ यातली मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.३५ म्हणतात, कारण त्यांना दशांश चिन्हानंतर चार आणि पस्तीस दिसतात, आणि पस्तीस मोठे. पूर्ण संख्यांमध्ये जास्त अंकांची संख्या मोठी असते. हा नियम इतकी वर्षं त्यांना उपयोगी पडलेला असतो, तोच ते इथे लावतात. खरं तर ०.४ म्हणजे चार दशांश, म्हणजेच चाळीस शतांश. ०.३५ म्हणजे पस्तीस शतांश. म्हणून ०.४ मोठी.

पण एवढ्या एका प्रश्नावर थांबू नका. काही मुलं अगदी उलट्या नियमाने चालतात. शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात एवढं त्यांच्या लक्षात राहिलेलं असतं, म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान असं ती धरतात. अशा मुलाला ०.४ आणि ०.३५ विचारलं की ते बरोबर उत्तर देतं आणि पालक खूश होतो. त्याच मुलाला ०.३ आणि ०.४५ विचारा, ते ०.३ मोठी म्हणेल. म्हणून प्रश्न दोन हवेत. पहिल्या प्रश्नात पहिला गोंधळ सापडतो, दुसऱ्यात दुसरा.

तरीही हे काही पूर्ण निदान नाही. दोन्ही प्रश्नांना दोनच पर्याय आहेत, म्हणजे निव्वळ अंदाजाने सांगणाऱ्या चार मुलांपैकी साधारण एकाचं दोन्ही वेळा बरोबर येईल. काही मुलांनी "शून्य जोडून अंक सारखे करायचे" एवढीच युक्ती पाठ केलेली असते, त्यांचंही बरोबर येतं. त्यामुळे पालकांना तिसरा प्रश्न सांगायचा: "कसं ठरवलंस?" मुलाच्या या उत्तरातून पालकाला जे कळतं ते तुमच्या कुठल्याही जाहिरातीतून कळणार नाही.

इथे एक बारीक गोष्ट सांभाळा. बोलताना आपण सर्रास "पॉइंट पस्तीस" म्हणतो. पालकाने मुलाला तसंच मोठ्याने विचारलं तर गोंधळाला खतपाणी मिळतं, मुलाच्या कानात "पस्तीस" आधीच शिरतात. म्हणून व्हिडिओत संख्या पडद्यावर लिहिलेल्या दाखवा, स्वतः वाचायच्या झाल्या तर "शून्य दशांश चिन्ह तीन पाच" असं वाचा, आणि पालकांना कागदावर लिहून विचारायला सांगा. नाहीतर पालक प्रश्न विचारता विचारताच मुलाला चुकीच्या उत्तराकडे ढकलतो आणि तुमची चाचणी फुकट जाते.

विज्ञानासाठी व्हिडिओ वेगळा करा, एकाच व्हिडिओत दोन विषय कोंबू नका. तिथे असा प्रश्न चालेल: रोपाचं मोठं झाड झालं, त्याचं एवढं वजन आलं कुठून? मुलं पटकन "मातीतून" म्हणतात. प्रत्यक्षात झाडाच्या सुक्या वजनाचा बहुतेक भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आणि पाण्यापासून तयार होतो, मातीतून येणारे क्षार त्या मानाने अगदी थोडे. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या पाठ असलेलं मूलही इथे अडतं, आणि पालकाच्या ते लगेच लक्षात येतं.

आता पूर्ण स्क्रिप्ट. कंसातला मजकूर बोलायचा नाही.

"तुमचं मूल सहावीत किंवा सातवीत असेल तर एक कागद घ्या. त्यावर या दोन संख्या लिहा. (पडद्यावर ०.४ आणि ०.३५) मुलाला विचारा, यातली मोठी कोणती? आता त्याखाली या दोन लिहा. (०.३ आणि ०.४५) यातली मोठी कोणती? आणि दोन्ही वेळा विचारा, कसं ठरवलंस?

वरच्या जोडीत ही मोठी आणि खालच्या जोडीत ही. (०.४ आणि ०.४५ भोवती गोल) दोन्ही उत्तरं बरोबर आली आणि कारणही नीट सांगता आलं, तर छानच. मग हा वर्ग तुमच्या मुलासाठी नाही. पण एखादं चुकलं असेल तर रागावू नका. मूल नियम लावतंय, फक्त तो पूर्ण संख्यांचा आहे, किंवा अर्धवट लक्षात राहिलेला आहे. हाच गोंधळ पुढे शेकडेवारीत आणि मोजमापात त्रास देतो.

मी (नाव). सहावी ते आठवीला गणित शिकवते. येत्या शनिवारी संध्याकाळी ५ ते ५:४० मी फक्त याच गोंधळावर ऑनलाइन वर्ग घेतेय. मुलं सहाच असतील, कारण प्रत्येकाची वही मला बघायची असते. मुलं स्वतः संख्यारेषेवर या संख्या मांडतील. कुणालाही सगळ्यांसमोर उत्तर द्यायला लावणार नाही. वर्ग संपल्यावर तुमचं मूल कुठे अडलं, ते मी तुम्हाला वेगळ्या मेसेजमध्ये लिहून पाठवीन.

या वर्गाची फी नाही. पुढे शिकवणी लावायची की नाही ते तुम्ही ठरवा, मी त्यासाठी फोन करणार नाही. यायचं असेल तर मला 'दशांश' एवढा एकच शब्द लिहून पाठवा."

मुलाला प्रश्न विचारायला मध्ये व्हिडिओ थांबवावा लागतो तो वेळ सोडला, तर ही स्क्रिप्ट न घाई करता दीड-दोन मिनिटांत होते. याहून लांबवू नका. स्टेटससाठी अर्ध्या मिनिटाची हवी असेल तर पहिला परिच्छेद आणि शनिवारची वेळ एवढंच ठेवा, उत्तरं गाळा. उत्तर काय हे विचारायला जे पालक मेसेज करतील त्यांच्याशी तुमचा संवाद आपोआप सुरू होतो. त्यांना आधी उत्तर द्या, मग वर्गाबद्दल सांगा. उत्तर अडवून ठेवून "डेमोला या, मग सांगते" असं कधीही करू नका.

आता स्क्रिप्टमधल्या काही वाक्यांबद्दल, कारण ती काढून टाकायचा मोह तुम्हाला होईल.

"हा वर्ग तुमच्या मुलासाठी नाही" हे वाक्य काढावंसं वाटेल. चार पालक कमी होतील असं वाटेल. होतीलही. पण ज्या मुलाला हा भाग येतो ते डेमोत वीस मिनिटं जांभया देणार, आणि त्याचे पालक "यात नवीन काही नव्हतं" असं सांगत फिरणार. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे वाक्य ऐकल्यावर बाकीच्या वाक्यांवर पालकाचा विश्वास बसतो. ते शेवटी मात्र ठेवू नका. शेवटी "गरज नाही" ऐकलेला पालक पुढे काहीच करत नाही. शेवटचं वाक्य काय करायचं हे सांगणारंच हवं.

"जागा मर्यादित" ऐवजी "मुलं सहाच असतील" का? कारण त्याला कारण जोडलंय, आणि ते खरं आहे की नाही हे डेमोत दिसतं. सातव्या मुलाचा मेसेज आला तर त्याला पुढच्या शनिवारची वेळ द्या, कोंबून बसवू नका. आणि शुक्रवारपर्यंत दोनच नावं आली असतील तर "शेवटच्या दोन जागा!" असा मेसेज टाकू नका. एकाच ग्रुपवरचे पालक एकमेकांशी बोलतात, आणि तोच मेसेज दर आठवड्याला दिसला की सगळं उघड होतं.

"फोन करणार नाही" हे वाक्य बोलायचं असेल तर पाळावंच लागतं. ते पाळता येणार नसेल तर स्क्रिप्टमधून काढा. एकदा असं बोलून नंतर फोन केला, तर तुम्ही सांगितलेल्या इतर सगळ्या गोष्टीही त्याच पंक्तीत जाऊन बसतात.

"मूल कुठे अडलं ते लिहून पाठवीन" असं मी लिहिलंय, "गोंधळ कायमचा दूर करीन" असं नाही. चाळीस मिनिटांत मूल संख्यारेषेवर बरोबर मांडणी करू लागतं, ते त्याला पटतंही, पण पुढच्या आठवड्यात घाईत तोच जुना नियम परत डोकं वर काढतो. इतक्या वर्षांची सवय एका बैठकीत जात नाही. ज्याची खात्री देता येते तेवढंच बोला. मार्क वाढण्याची हमी, "अमुक दिवसांत गणितात पहिला" असले दावे तर नकोतच. जुन्या विद्यार्थ्याचे मार्क, फोटो, नाव किंवा वर्गाचं रेकॉर्डिंग वापरायचं असेल तर त्या पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. खरं सांगायचं तर मार्कांच्या पोस्टरपेक्षा घरी केलेली ती दोन मिनिटांची तपासणी जास्त काम करते, कारण त्यात बोलणारं मूल स्वतःचं असतं.

नियमित वर्गाच्या फीबद्दल स्क्रिप्टमध्ये काही नाही, हे मुद्दाम. व्हिडिओचं काम एका वर्गाला बोलावण्याचं आहे, तिथे महिन्याची फी सांगितली की निर्णय पुन्हा वर्षभराचा होऊन बसतो. पण कुणी विचारलं तर त्याच मेसेजला आकडा लिहून उत्तर द्या. "डेमोनंतर सविस्तर बोलू" हे उत्तर पालकाला टाळाटाळ वाटतं, आणि ती टाळाटाळच असते. मी तर म्हणेन की नाव दिलेल्या प्रत्येकाला कळवतानाच फी लिहून टाका, म्हणजे वर्ग चालू असताना तो विषय कुणाच्याच डोक्यात राहत नाही.

कळवण्याचा मेसेज असा असू शकतो:

"नाव नोंदवलंय. शनिवार, संध्याकाळी ५ ते ५:४०. लिंक खाली आहे. सोबत चौकटींची वही, पेन्सिल आणि पट्टी लागेल. मोबाइलवरून चालेल, फक्त तो हातात न धरता टेकवून ठेवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. चेहरा दाखवायची सक्ती नाही, वही मात्र मधूनमधून कॅमेऱ्यासमोर धरायला सांगेन. नियमित वर्गाची फी महिना अमुक आहे, माहितीसाठी. यायला जमणार नसेल तर एक ओळ कळवा, ती जागा दुसऱ्या मुलाला देता येईल."

यातली शेवटची ओळ न विसरता घाला. न कळवता गैरहजर राहणं हा मोफत वर्गांचा नेहमीचा रोग आहे, आणि आपली जागा दुसऱ्या मुलाला मिळेल हे कळलं की बरेच पालक कळवतात. वर्गाच्या अर्धा तास आधी फक्त लिंक परत पाठवा, बाकी काही नाही. व्हिडिओ टाकल्यापासून डेमोपर्यंत आठवड्याच्या आतबाहेरच वेळ ठेवा. पंधरा दिवसांनंतरच्या वर्गाला हो म्हणणारा पालक तोपर्यंत विसरलेला असतो.

स्क्रिप्ट कितीही चांगली असली तरी डेमो तिच्यासारखाच व्हावा लागतो, म्हणून त्यावर थोडं. बऱ्याच शिक्षकांची पहिली दहा-पंधरा मिनिटं स्वतःची ओळख, पदव्या आणि कोर्सची माहिती सांगण्यात जातात. पालक दाराआडून ऐकत असतात, आणि आपल्याला शिकवायला म्हणून बोलावलं आणि जाहिरात ऐकवली हे त्यांच्या लक्षात येतं. तुम्ही एका मिनिटात ओळख संपवा आणि थेट वहीवर या. शून्य ते एक अशी लांब रेषा काढायला सांगा, चौकटींच्या वहीत दहा चौकटी सोडून एक काढला की दशांश आपोआप पडतात. ०.३ आणि ०.४ आधी मांडू द्या. मग त्या दोहोंमधल्या चौकटीचे दहा भाग कल्पायला सांगा आणि विचारा, ०.३५ कुठे येईल? इथे मुलं थांबतात. पस्तीस मोठे म्हणणारं मूल ती रेषेच्या अगदी शेवटाकडे, कधी एकच्याही पुढे शोधायला जातं. त्याला लगेच दुरुस्त करू नका. ०.३ आणि ०.४ च्या मध्ये जागा आहे हे त्याचं त्याला दिसू द्या. त्यासाठी पाच मिनिटं गेली तरी चालतील, डेमोतली सगळ्यात मोलाची पाच मिनिटं तीच असतात.

शेवटी तपासायला व्हिडिओतल्याच जोड्या देऊ नका, त्या आता पाठ झालेल्या असतात. ०.६ आणि ०.५८ द्या, मग ०.२ आणि ०.३७५. पहिली जोडी जास्त अंक म्हणजे मोठी समजणाऱ्याला पकडते, दुसरी उलट्या नियमाच्या मुलाला. उत्तरं सगळ्यांनी एकाच वेळी वहीत लिहून कॅमेऱ्यासमोर धरायची, म्हणजे कुणी एकटं पडत नाही आणि "सगळ्यांसमोर उत्तर द्यायला लावणार नाही" हा शब्दही राहतो. कुणी काय लिहिलं ते तिथेच टिपून ठेवा, नंतरच्या मेसेजला लागेल.

आता, हे सगळं करूनही नावं आली नाहीत तर? आधी गाडी कुठे अडते ते बघा. व्हिडिओ बघितला जातोय पण मेसेज येत नाहीत, तर सुरुवात पकड घेत नाही किंवा शेवटी काय करायचं ते अवघड आहे. लांबलचक फॉर्म भरायला लावत असाल तर आधी तो काढा; मुलाची इयत्ता आणि बोर्ड एवढंच लागतं, ते मेसेजमध्ये विचारता येतं. मेसेज येतात पण "कितवीसाठी?", "किती वाजता?" असेच येतात, तर ती माहिती व्हिडिओत उशिरा येते किंवा ऐकू जात नाही, ती पडद्यावरही लिहा. नावं येतात पण मुलं येत नाहीत, तर वेळ चुकली किंवा आठवण करून दिली नाही. परीक्षेच्या आठवड्यात किंवा सुट्टीच्या तोंडावर डेमो ठेवला की हे हमखास होतं. आणि मुलं येतात पण पुढे शिकवणी लावत नाहीत, तर मग स्क्रिप्टला हात लावू नका; ते डेमोचं, वेळेचं किंवा फीचं काम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि सहा मुलांच्या वर्गात एखादं नाव कमीजास्त झालं म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, चार-पाच डेमो होऊ द्या.

शेवटचा तो वेगळा मेसेज. तो त्याच रात्री जायला हवा, आणि सगळ्यांना एकच मजकूर पाठवायचा नाही. पालक ग्रुपवर तुलना करतात, दोन मेसेज सारखे निघाले की वैयक्तिक लक्षाची गोष्ट तिथेच संपली. नमुना असा:

"आज तुमच्या मुलीने ०.४ आणि ०.३५ मध्ये आधी ०.३५ मोठी लिहिली होती. रेषेवर मांडताना तिने स्वतःच ती खोडून दुरुस्त केली. शेवटी ०.६ आणि ०.५८ बरोबर आलं, ०.२ आणि ०.३७५ ला मात्र ती थांबली आणि ०.२ लिहिलं. म्हणजे जास्त अंकांची संख्या मोठी हा गोंधळ कमी झालाय, पण आता जास्त अंकांची संख्या लहान असं ती धरत असावी. घरी करून घ्यायचं असेल तर रोज दोन जोड्या द्या आणि रेषेवर मांडायला लावा. पुस्तकातली उदाहरणं पुरतील. माझ्याकडे पाठवायचं असेल तर बुधवार आणि शुक्रवारच्या वर्गात जागा आहे, तसं कळवा."

घरी काय करायचं ते आधी आणि तुमच्या वर्गाची ओळ नंतर, हा क्रम बदलू नका. उत्तर आलं तर पुढचं बोला. नाही आलं तर त्या पालकांना दुसरा मेसेज करायचा नाही. पुढच्या महिन्यात वेगळ्या गोंधळावर नवा व्हिडिओ येईल, तो ग्रुपवर त्यांनाही दिसेलच.